पाचाचं गाणं

गाणं बसवून झालं आणि आम्ही ते पहिल्यांदा लोकांसमोर म्हटलं, तेव्हा पहिल्याच ओळीला टाळ्या सुरू झाल्या. गाणाऱ्याला याहून गोड काय असतं! दुसऱ्या ओळीपर्यंत त्या टाळ्यांना फाटे फुटले. अर्धे लोक एका जागी वाजवत होते, अर्धे दुसऱ्या. तिसऱ्या ओळीला बहुतेकांनी हात मांडीवर ठेवले आणि सभ्यपणे ऐकू लागले. गाणं पाच मात्रांचं होतं, पाश्चात्य लिपीत ज्याला फाइव्ह-फोर म्हणतात ते. आमचे तबलजी काका नंतर चहा पिताना म्हणाले, "लोकांचं काही चुकलं नाही. तू त्यांना बसायला पाटच दिला नाहीस."

पाट कसा द्यायचा, हे कळायला मला वर्ष लागलं.

आधी शरीराचं गणित बघू. आपल्याला पाय दोन आहेत. चार मात्रांचं गाणं असलं की डावा-उजवा-डावा-उजवा असं एक आवर्तन संपतं आणि पुढचं पुन्हा डाव्यावर सुरू होतं. पाचात हे बिघडतं. डावा-उजवा-डावा-उजवा-डावा झाल्यावर पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा उजव्या पायावर येते आणि त्याच्या पुढची पुन्हा डाव्यावर. म्हणजे सम दर वेळी पाय बदलते. डोक्याला हे समजावता येतं, पायाला नाही. म्हणून जो श्रोता प्रत्येक मात्रेवर ठोका देऊ पाहतो तो दोन आवर्तनांत हरवतो, आणि 'एक-दोन-तीन-चार-पाच' असं मोजत राहणारा गायकही यंत्रासारखा गातो.

उपाय असा की पाच ठोके द्यायचेच नाहीत. दोन द्यायचे. पहिल्या मात्रेवर एक आणि चौथ्यावर एक. पहिल्या ठोक्याला तीन मात्रांची जागा मिळते, दुसऱ्याला दोन. एक लांब पाऊल, एक आखूड. आता दर आवर्तनात ठोके दोनच असल्यामुळे सम नेहमी त्याच पायावर येते. पाच ही संख्या नाहीशी होते आणि उरते फक्त एक लंगडी, पण ठाम चाल. खोलीत चार पावलं अशी टाकून बघा. पहिल्यांदा विचित्र वाटेल, दहाव्यांदा नाही वाटणार.

जगात गाजलेल्या पाचाच्या रचना बघितल्या तर बहुतेकांनी हेच केलेलं दिसतं. डेव्ह ब्रुबेक या अमेरिकन पियानोवादकाच्या चौकडीने 1959 मध्ये 'टाइम आउट' नावाची तबकडी काढली. तिच्यातलं 'टेक फाइव्ह' हे तिच्या सॅक्सोफोनवादकाने, पॉल डेझमंडने रचलं. त्याच्या आदल्या वर्षी ही चौकडी सरकारी दौऱ्यावर तुर्कस्तानापासून भारतापर्यंत फिरून आली होती आणि मुंबईत ब्रुबेकची गाठ सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी पडली होती. त्या भेटीतूनच 'टेक फाइव्ह' निघालं असं म्हणायचा मोह होतो, पण तेवढा पुरावा नाही, आणि आपल्या लोकांना तो मोह जरा जास्तच होतो. ऐकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. त्या रचनेत पियानो सुरुवातीपासून एकच तुकडा वाजवत राहतो. पहिल्या तीन मात्रांत एक स्वरसंगती, उरलेल्या दोन मात्रांत दुसरी. ड्रमवाला मधे मनसोक्त स्वैर वाजवतो तेव्हाही पियानो हा तुकडा सोडत नाही. तोच श्रोत्याचा पाट. त्यावर बसून मग बाकीची गंमत ऐकायची.

लालो शिफ्रिन यांनी 1966 मध्ये 'मिशन: इम्पॉसिबल' या मालिकेसाठी केलेलं शीर्षकसंगीतही पाचातच आहे. तिथे पाचाच्या दहा अर्धमात्रा केल्या आहेत आणि त्यांची वाटणी तीन-तीन-दोन-दोन अशी आहे. लांब, लांब, आखूड, आखूड. चार ठोके, म्हणजे पुन्हा सम संख्या, आणि पाय सुखी. गंमत अशी की 1996 मध्ये त्यावर चित्रपट आला तेव्हा यू टू या बँडमधल्या दोघांनी या सुरावटीची नाचायची आवृत्ती केली, आणि तिचा बहुतेक भाग सरळ चारात बसवला. म्हणजे ऐकायला पाच चालतो, पण नाचाच्या तळघरात जायचं तर जाणत्या वादकांनाही चाराचाच आधार घ्यावासा वाटला. पाचाची ही मर्यादा खरी आहे आणि गाणं लिहायच्या आधीच ती मान्य केलेली बरी.

आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला आहे, तो झपतालात. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दहा मात्रा आणि वाटणी दोन-तीन-दोन-तीन. टाळ्या पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर, खाली सहाव्यावर. नीट बघितलं तर ही पाचाची जोडी आहे. पहिला पाच भरलेला, दुसरा रिकाम्या हाताने सुरू होणारा. एकट्या पाचाला जे जमत नाही ते जोडीला जमतं. दहा ही सम संख्या असल्यामुळे पाय पुन्हा जागेवर येतो आणि ती-ना आलं की अर्ध्या वाटेवर आलो हे कानाला कळतं. झपतालाची वाटणी दोन-तीन आहे आणि 'टेक फाइव्ह'ची तीन-दोन. चैकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा दुसरा भाग, 1893 चा, पाचातलाच आहे आणि त्याची चाल झपतालासारखी दोन-तीन आहे. दोन्ही वाटण्या चालतात. गाणं लिहिणाऱ्याने एक निवडायची आणि शेवटपर्यंत तिच्याशी प्रामाणिक राहायचं, एवढंच.

मी कुठे चुकलो होतो ते आता सांगतो. माझी पहिली ओळ होती, 'गाडी आली'. चार अक्षरं, चार मात्रा, आणि पाचवी मात्रा मोकळी. मला वाटलं, चाराला एक जोडला की पाच झाले. कागदावर झालेही. पण 'गाडी आली' हे शब्द जन्मतःच चारातले आहेत. ते ऐकताक्षणी श्रोत्याच्या अंगाने चार ठरवून टाकले, आणि मग ती पाचवी मोकळी मात्रा त्याला गायकाची चूक वाटली. अडखळला बिचारा, असं. पाचाचं गाणं फसतं ते बहुधा इथेच, चालीत नव्हे, शब्दांत. बोल चारातले आणि ताल पाचाचा, असं असलं की कितीही चांगला तबलजी त्याला वाचवू शकत नाही.

मग पाचातले शब्द आणायचे कुठून? हा प्रश्न घेऊन मी इकडेतिकडे भटकलो आणि शेवटी शाळेच्या व्याकरणात परत आलो. यमाताराजभानसलगा आठवतं? लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. त्या आठ गणांपैकी तीन गण पाच मात्रांचे आहेत. य गण, म्हणजे लघु-गुरु-गुरु. र गण, गुरु-लघु-गुरु. त गण, गुरु-गुरु-लघु. तिघांतही दोन गुरू आणि एक लघू, फक्त लघूची जागा वेगळी. भुजंगप्रयात वृत्तात चार य गण येतात, म्हणजे एका चरणात पाचाची चार आवर्तनं. 'मनाचे श्लोक' याच वृत्तात आहेत. म्हणजे संध्याकाळी देवापुढे बसून ज्यांनी ते म्हटले, त्या सगळ्यांच्या जिभेवरून हजारो वेळा पाच मात्रा गेलेल्या आहेत, फक्त त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. घरोघरी म्हणताना चरणाच्या शेवटी आपण मनसोक्त ओढतो आणि हिशेब मोडतो, हेही खरं. पण चरणाच्या मध्यावर कान लावा. पहिला लघु आधीच निसटून जातो, ठोका पडतो तो गुरूंवर, आणि ऐकू येतं ते दोन-तीन, दोन-तीन. झपतालच तो. माधव जूलियनांनी 'छंदोरचने'त पाच मात्रांच्या आवर्तनाच्या जातींना हरावर्तनी म्हटलं आहे. हर म्हणजे शंकर, आणि शंकराची मुखं पाच.

मला तीन-दोन हवं होतं. त्याला सगळ्यात सोयीचा निघाला र गण. गुरु-लघु मिळून तीन, उरलेला गुरु दोन. आणि इथे मराठीने मला अनपेक्षित मदत केली. थांबला, चालला, पाहिला, सोडली, राहिलं, मोकळा, कोवळी, एकटा. अशा शब्दांनी आपली भाषा भरलेली आहे. भूतकाळाची कितीतरी क्रियापदं या साच्यात पडतात. शिवाय यातले बरेचसे शब्द बोलताना आपण मधला अ गिळतो. लिहितो 'थांबला', म्हणतो 'थांब्-ला'. पहिला तुकडा जड आणि लांब, दुसरा हलका आणि आखूड. म्हणजे लांब पाऊल, आखूड पाऊल. मी ज्या चालीसाठी वर्षभर डोकं खाजवत होतो, ती एसटीच्या रांगेत उभा असलेला प्रत्येक माणूस रोज बोलत होता.

एसटीवरूनच मग गाणं आलं. आटलेल्या नदीकाठचं एक गाव, दिवसातून एकदा येणारी गाडी. कंडक्टरने एक बेल दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की निघते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ओळी अशा झाल्या:

वाजली बेल अन् थांबलं गाव
आटली ती नदी, राहिलं नाव

तोडून म्हणून बघा. वाजली। बेल अन्। थांबलं। गाव। प्रत्येक तुकडा पाच मात्रांचा, आणि प्रत्येक तुकड्यात दोन ठोके. 'वाज' वर एक, 'ली' वर एक. 'बेल' वर एक, 'अन्' वर एक. दुसऱ्या ओळीत 'ती नदी' ही दोन शब्दांची जोडी आहे, पण साचा तोच, गुरु-लघु-गुरु. इथे तुम्हाला चालही लागत नाही. नुसतं बोललं तरी टेबलावर हात आपोआप बरोबर पडतो. पाचाचं गाणं लिहिताना मी आता हीच परीक्षा लावतो. ओळ गाऊन नाही, बोलून बघायची. बोलताना पाच ऐकू आले नाहीत तर ती ओळ फाडायची.

प्रत्येक ओळीत चार आवर्तनं ठेवली तीही मुद्दाम. तीन ठेवली असती तर ओळ विषम आणि आवर्तनही विषम, मग श्रोत्याला धरायला काहीच नाही. आत विषम असेल तर बाहेरचं घर चौकोनी ठेवावं.

आता चौथं आवर्तन बघा. 'गाव' तीनच मात्रांत संपतं. पुढच्या दोन मात्रा रिकाम्या आहेत. माझ्या पहिल्या खर्ड्यात तिथेही अक्षर होतं. ओळ वीसच्या वीस मात्रा भरलेली होती आणि गाणारी ताई दुसऱ्या कडव्यात धापा टाकू लागली. श्वासाला जागा नसली की गायक ती चोरतो, कुठूनतरी अर्धी मात्रा उसनी घेतो, आणि पाचाचे साडेपाच होतात. म्हणून ओळीच्या शेवटच्या दोन मात्रा मोकळ्या सोडल्या.

पण नुसत्या मोकळ्या सोडून भागलं नाही, आणि ही सगळ्यात चिवट चूक आहे. रिकाम्या जागेत माणूस आपल्या सवयीचं काहीतरी भरतो. आपल्या कानाला दादऱ्याचे सहा इतके सवयीचे आहेत की 'गाव' लांबवून, श्वास घेऊन, पुढची ओळ उचलेपर्यंत शेवटच्या आवर्तनाचे हळूच सहा होतात. तीन-दोनचं तीन-तीन. गायकाला ते कळत नाही, कारण त्याला ते जास्तच आरामात वाटतं. तबलजीला कळतं, पण तोही निमूट थांबतो, कारण गायकाला सांभाळून घ्यायची त्याला सवय असते.

हे पकडायला घड्याळ पुरतं. आमच्या गाण्याची गती मिनिटाला दीडशे मात्रा आहे. म्हणजे पाच मात्रांना बरोबर दोन सेकंद. चार आवर्तनांची एक ओळ आठ सेकंदांत आणि दोन ओळी सोळा सेकंदांत संपायला हव्यात. फोनवर ध्वनिमुद्रण करून बघितलं तेव्हा आमच्या दोन ओळींना 16.8 सेकंद लागत होते. एक मात्रा 0.4 सेकंदांची, म्हणजे दर ओळीला एक मात्रा जास्त. काका म्हणाले, "बघ, तुझ्या गावात वस्ती वाढली."

उपाय त्यांनीच सुचवला. ती रिकामी जागा लोकांना देऊन टाक. 'गाव' संपलं की चौथ्या आणि पाचव्या मात्रेवर दोन टाळ्या. वाजली बेल अन् थांबलं गाव, टाळी, टाळी. आटली ती नदी, राहिलं नाव, टाळी, टाळी. मी आधी नाक मुरडलं. एवढ्या उदास ओळींवर टाळ्या? पण त्या दोन टाळ्या म्हणजे डबल बेल झाली, गाडी निघाल्याची. शब्दांत जे मी सांगितलं नव्हतं ते टाळ्यांनी सांगितलं. आणि सहावी मात्रा शिरायची जागाच उरली नाही, कारण दुसरी टाळी पडली की लगेच पुढची ओळ येते हे प्रत्येकाच्या हाताला कळलं. पुढच्या मुद्रणात दोन ओळी सोळा सेकंदांत संपल्या.

गतीबद्दल दोन शब्द. दीडशे ही काही जादूची संख्या नाही, पण एक आवर्तन दोन सेकंदांच्या आसपास संपलं तर माणूस ते एका झोक्यात धरतो. हेच गाणं मिनिटाला साठच्या गतीने गायलं तर एका आवर्तनाला पाच सेकंद लागतात. तेव्हा लांब पाऊल तीन सेकंदांचं होतं आणि इतका वेळ पाय हवेत ठेवणं कुणाला शक्य नाही. श्रोता मधे मधे ठोके देऊ लागतो आणि पुन्हा डाव्या-उजव्याच्या फेऱ्यात सापडतो. विलंबित झपताल ऐकायला सुंदर असतो, पण तिथे ठेका सांभाळायला तबला असतो आणि श्रोत्याकडून फक्त समेवर मान हलवण्याची अपेक्षा असते. सगळ्यांनी मिळून गायचं, टाळ्या द्यायच्या, तर गती हवीच.

चालीचं काम मग फारसं उरलं नाही. गुरूला दोन, लघूला एक अशी काटेकोर चाल लावली की ती पाढ्यासारखी होते. म्हणून पहिल्या आवर्तनात बोलण्यासारखंच 'वाज' तीन मात्रा आणि 'ली' दोन मात्रा ठेवलं, स्वर पंचम आणि गंधार. दुसऱ्यात 'बे-ल-अन्' दोन-एक-दोन, मध्यम, गंधार, रिषभ. तिसऱ्यात पुन्हा दोनच स्वर, 'थांब' गंधारावर आणि 'लं' रिषभावर. 'गाव' षड्जावर. चाल पायऱ्या उतरत येते आणि चौथ्या आवर्तनाच्या समेवर घरी पोचते. दर आवर्तनाला लांब स्वर पहिल्या किंवा चौथ्या मात्रेवरच सुरू होतो, मधे कुठेही नाही. गिटारवाल्या मुलाने खर्जात पहिल्या मात्रेवर सा आणि चौथ्यावर प धरला. तेवढंच, पूर्ण गाणंभर. तो दुसऱ्या दिवशी कंटाळला आणि मधे नक्षी काढू लागला. मी त्याला पियानोचा तो न सोडलेला तुकडा ऐकवला.

दुसऱ्या कडव्यात पुन्हा एक खड्डा लागला. ओळ होती:

बाजार पांगला, ओस हा ठाव

मोजली तर बरोबर. बाजार, पाच मात्रा. पांगला, पाच. ओस हा, पाच. ठाव आणि दोन टाळ्या. तरी दर वेळी पहिल्या शब्दावर सगळे घसरायचे. 'ताई, तू बाजारात का पडतेस?' असं विचारून झालं. दोष तिचा नव्हता. 'बाजार' हा त गण आहे, गुरु-गुरु-लघु. 'बा' पहिल्या-दुसऱ्या मात्रेवर, 'जा' तिसऱ्या-चौथ्यावर, 'र' पाचव्यावर. आपला दुसरा ठोका चौथ्या मात्रेवर पडतो आणि तो 'जा'च्या ऐन मध्यावर येतो. शब्द म्हणतो दोन-तीन, पाय म्हणतो तीन-दोन. एकाच गाण्यात दोन झपताल उलटसुलट भांडत होते. संख्या जुळली म्हणजे ताल जुळला असं नाही, हे मला त्या ओळीने शिकवलं. पाऊस, गाडीत, आकाश, माणूस हे सगळे शब्द त्याच साच्यातले. एरवी किती लागणारे शब्द! तीन-दोनच्या गाण्यात आवर्तनाच्या सुरुवातीला ते ठेवता येत नाहीत. झपतालाच्या दोन-तीनमध्ये मात्र तेच शब्द अगदी घरच्यासारखे बसतील, आणि र गण तर दोन्हीकडे बसतो, कारण त्याचा लघू मधे आहे, तो कुठल्याही बाजूला जाऊ शकतो.

'बाजार' काढावा लागला. त्याच्या जागी असं केलं:

पांगला हाट अन् ओस हा ठाव

'हाट' हा शब्द आता बोलण्यातून गेल्यासारखाच आहे, हे मला मान्य आहे. पण ओळ एका फेरीत बसली.

पुढच्या खेपेला मी लोकांना एकच गोष्ट सांगितली. मोजू नका, ओळ संपली की दोन टाळ्या द्या. पाच मात्रा, फाइव्ह-फोर, झपताल, यातलं काहीच सांगितलं नाही. पहिल्या कडव्यात त्यांनी आमचं बघून टाळ्या दिल्या, दुसऱ्यात न बघता. काही जण तर ओळीच्या मधेही 'वाज' आणि 'ली' वर पाय आपटत होते, अगदी बरोबर जागी.

तिसरं कडवं मात्र अजूनही ऐनवेळी सहात घसरतं. त्यात शेवटी 'पाऊलवाट' हा शब्द आहे आणि तो मला बदलवत नाही. सध्या आम्ही दोनच कडवी म्हणतो.